डोहाळजेवणातले वचन: पहाटे चार ते सहा

प्रश्न: "पुढच्या रविवारी माझ्या ताईचे डोहाळजेवण आहे. मी तिचा लहान भाऊ. थोडी थट्टा, थोडी माया आणि बाळंतपणानंतर मी काहीतरी मदत करीन असे छोटेसे वचन, एवढे सगळे असलेल्या शुभेच्छा द्यायच्या आहेत. काय म्हणू?"

मला दोन बहिणी आहेत आणि दोघींच्याही डोहाळजेवणात मी चार शब्द बोललो आहे. थोरलीच्या वेळी जे बोललो ते मला अजून बोचते, आणि धाकटीच्या वेळी जे बोललो त्याचा मला अभिमान आहे, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहितो.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, हिंगणघाटच्या पुढे, कापूस आणि सोयाबीनच्या पट्ट्यात आहे. 2017 च्या श्रावणात ताईला सातवा लागला आणि डोहाळजेवण आमच्याच घरी झाले. हिरवी साडी, हिरवा चुडा, फुलांची वाडी, छपरीत टांगलेला झुला, पाच फळांची ओटी, सगळे रीतीप्रमाणे पार पडले. शेवटी पेढ्याची आणि बर्फीची अशा दोन झाकलेल्या वाट्या ताईपुढे ठेवल्या. तिने हसत एक उघडली, तिच्यात बर्फी निघाली, आणि इतका वेळ कलकल करणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या. मग आमची मोठी आई, म्हणजे माझ्या मोठ्या बाबांची पत्नी, म्हणाली, "राहू दे, दुसऱ्या खेपेले पेढा निघंल." ताईने हसू मोडू दिले नाही, पण ती बर्फी तिने तोंडात घातली नाही, रुमालात गुंडाळून मांडीवर ठेवली. मी दारात उभा राहून ते पाहत होतो.

त्यानंतर मला बोलायला सांगितले. मी फोनवर आलेला एक संदेश वाचून दाखवला, ज्यात मातृत्व, स्वर्ग, देवाचे देणे असे सगळे मोठे शब्द होते आणि ताईचे असे एकही अक्षर नव्हते. शेवटी मी स्वतःचे एक वाक्य जोडले, "ताई, काहीही लागलं तर फक्त आवाज दे, भाऊ हजर आहे." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दिवाळीनंतर ताई बाळंत झाली. मुलगी झाली, वजन 2 किलो 700 ग्रॅम, दोघी सुखरूप. त्या दिवसांत कापसाची पहिली वेचणी सुरू होती आणि मी दिवस उजाडल्यापासून वावरात असायचो. ताई घरी आल्यावर चौथ्या दिवशी आईला ताप भरला. त्याच रात्री तीनच्या सुमारास मी पाणी प्यायला उठलो, तेव्हा न्हाणीत दिवा दिसला. ताई दगडावर बसून लंगोट धूत होती. डोक्याला स्कार्फ, पायांवर सूज, पाणी थंड, आणि बाळाची चिकट शी कपड्यावरून निघत नव्हती म्हणून ती अंगठ्याने एकच जागा घासत होती. मी विचारले, "मला आवाज का नाही दिला?" ती म्हणाली, "दिवसभर वावरात राबून आलेल्या माणसाले झोपेतून कसं उठवू?"

त्या एका वाक्यात माझ्या वचनाचा दोष मला कळला. "लागलं तर सांग" हे वचन ऐकायला मोठे असते, पण त्यात मागण्याचे ओझे बाळंतिणीवरच टाकलेले असते. शिवलेल्या टाक्यांनी आणि अपुऱ्या झोपेने अर्धी झालेल्या बाईने आधी ठरवायचे की आपल्याला काय हवे, मग कोणाला सांगायचे ते ठरवायचे, मग त्याला उठवायचे. एवढे करण्यापेक्षा ती स्वतःच लंगोट धुऊन टाकते. माझे स्पष्ट मत आहे की असे वचन देण्यापेक्षा न दिलेले बरे.

धाकटीच्या वेळी, 2022 मध्ये, मी वेगळ्या रीतीने विचार केला. तिला आम्ही घरात चिमी म्हणतो. महाशिवरात्रीच्या आधीच्या रविवारी तिचे डोहाळजेवण होते आणि मे महिन्याची तारीख दिलेली होती. मी आठ दिवस आधीपासून शब्द जुळवत होतो. पहिल्या मसुद्यात मी तिच्या माती खाण्याची थट्टा केली होती, कारण तिला भाजलेल्या मातीचे डोहाळे लागले होते आणि पदराच्या गाठीत तिने एक खडा बांधून ठेवलेला मी पाहिला होता. गावच्या आशा सेविका, आमच्या आशाताई, यांनी ते ऐकले तेव्हा त्या हसल्या नाहीत. माती, राख, खडू खावेसे वाटणे हे पुष्कळदा रक्त कमी असल्याचे लक्षण असते, असे सांगून त्यांनी तिला आरोग्य केंद्रात नेले. हिमोग्लोबिन 9.2 निघाले, गरोदरपणी ते 11 च्या खाली जायला नको. तिने लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या, पण त्या सकाळच्या चहाबरोबर घेत होती, आणि चहाने ते लोह अंगी लागत नाही. गोळीची वेळ बदलली, जेवणात लिंबू वाढवले, आणि माझ्या मसुद्यातून माती कायमची गेली. तुमच्या ताईला असे काही डोहाळे असतील तर ते भाषणात सांगू नका, नर्सला सांगा.

थट्टा कशाची करावी हे त्यातून मला समजले. गरोदर बाईच्या अंगाची, चालण्याची, खाण्याची थट्टा करू नये, ती तिने दिवसभर सगळ्यांकडून ऐकलेली असते. मुलगा की मुलगी हा विषय तर काढूच नये. गर्भलिंग तपासण्यावर 1994 च्या कायद्याने बंदी आहे ती वेगळीच, पण वाटी उघडण्याच्या खेळातसुद्धा एखादीच्या पोटातल्या मुलीला तिच्या देखत कमी लेखले जाते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चिमीच्या वेळी मी आईला सांगून दोन्ही वाट्यांत पेढे ठेवायला लावले नाहीत की बर्फी ठेवायला लावली नाही. दोन्हींत चारोळी घातलेली शेवयांची खीर ठेवली. मोठी आई त्यावर दोन दिवस रुसली होती. थट्टा करायची ती तुम्हा भावाबहिणीच्या लहानपणाची करा, कारण ती फक्त तुम्हा दोघांची असते आणि ती ऐकताना बाई काही क्षण गरोदर नसते, नुसती कोणाची तरी बहीण असते.

ओटी भरून झाल्यावर मी छपरीतून आत गेलो. मोठी आई म्हणाली, "बायकाईच्या कारेक्रमात तुयं काय काम?" मी म्हटले, दोनच मिनिटे. आणि चिमीसमोर बसून हे म्हटले. कागद माझ्याजवळ अजून आहे, म्हणून जसेच्या तसे देतो:

"चिमे, शिवरात्रीचं कवठ फोडलं की गर तुझा आणि कवटी माझी, असा आपला लहानपणाचा हिशोब होता. आता तुझ्या गरातला अर्धा वाटा मागणारं कोणीतरी येतं आहे आणि मला त्याचा फार आनंद झाला आहे. बाळ तुझ्यासारखं हट्टी होवो, म्हणजे इतकी वर्षं मी काय सोसलं ते आईला पटेल. आणि बाळ तुझ्यासारखंच मायाळू होवो, म्हणजे मामाला आजारपणात पेज करून घालणारं माणूस मिळेल. तू बाळंत होऊन घरी येशील त्या दिवसापासून सव्वा महिना पहाटे चार ते सहा बाळ माझ्याजवळ राहील, आणि कूलरचं पाणी सकाळ-संध्याकाळ मी भरीन. तू त्या दोन तासांत फक्त झोपायचं. मला आवाज द्यायचा नाही, मी आपणहून येईन."

चिमी आधी हसली, कवटीच्या हिशोबावर भांडली, आणि शेवटच्या वाक्याला तिने तोंड पदराने झाकले.

आता हे दोनच तास का, ते सांगतो, कारण माझ्या मते वचनाचा सगळा जीव त्या आकड्यात आहे. नवजात बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा दूध पिते, म्हणजे दर दोन-तीन तासांनी. आई एकटी असेल तर पाजून झाल्यावर बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढणे, लंगोट बदलणे, पुन्हा झोपवणे यातच मधला वेळ सरतो आणि पुढचे पाजणे येते. भाऊ बाळाला पाजू शकत नाही, परंतु दोन पाजण्यांच्या मधला वेळ तो पुरता उचलू शकतो. म्हणून मदतीचे माप तेवढेच असावे. रात्रभर जागीन असे म्हणणारा तिसऱ्या दिवशी थकतो, आणि थकलेल्या मदतनिसाची समजूत काढायचे काम पुन्हा बाळंतिणीलाच पडते. मी पहाटेची वेळ निवडली, कारण उन्हाळ्यात आम्ही वावरात जायला तसेही साडेचारला उठतो. अर्धा तास आधी उठणे मला सव्वा महिना जमणार होते. वचन देण्यापूर्वी आपल्या रोजच्या दिवसात ते कुठे बसते ते पाहून घ्यावे.

चिमी मेच्या मध्यात बाळंत झाली आणि तिसऱ्या दिवशी 102 च्या गाडीने घरी आली. त्याच रात्री, पहाटे चारला, मी तिच्या खोलीचे दार हलकेच वाजवले. तिने पाजून बाळ माझ्या हातात दिले. मी त्याला खांद्यावर आडवा रुमाल टाकून उभे धरले, मानेखाली हात ठेवला, पाठीवर खालून वर हात फिरवला. दहा मिनिटांनी ढेकर आली आणि रुमालावर थोडे दूध. मग छपरीत बाजेवर बसून मी त्याला मांडीवर घेतले. लंगोट ओला झाला की बदलायचा, शीचा लंगोट आधी थंड पाण्यात भिजवायचा, मग साबण लावायचा, आणि उजाडल्यावर कडक उन्हात वाळत घालायचा, एवढे काम. मेच्या उन्हात लंगोट अर्ध्या तासात कडकडीत होत.

चौथ्या पहाटे मात्र माझ्या हातून चूक झाली. सहा वाजले तरी बाळ गाढ झोपले होते आणि चिमीही. मला वाटले, दोघेही निजले आहेत तर उठवू नये, तिला झोप मिळावी म्हणूनच तर मी बसलो आहे. आठ वाजले. तेव्हा बाळाला स्तनाशी धरले तर ते तोंडही उघडेना, दोनदा चोखून पुन्हा झोपे, आणि उजेडात त्याचा चेहरा व छाती पिवळसर दिसली. आशाताई सातव्या दिवसाच्या भेटीला यायच्या होत्या, त्यांना लगेच बोलावले. त्यांनी बाळाच्या छातीवर बोट दाबून उचलले आणि त्या जागेचा रंग पाहिला, तळहात आणि तळपाय पाहिले. ते पिवळे नव्हते. पहिल्या आठवड्यात थोडी कावीळ पुष्कळ बाळांना होते. परंतु कमी दूध पोटात गेले की ती वाढते, आणि कावीळ वाढली की बाळ सुस्त होऊन आणखी कमी पिते. म्हणून पहिल्या दिवसांत बाळ झोपलेले असले तरी तीन तासांच्या वर जाऊ द्यायचे नाही, तळवे चोळून, दुपटे सोडून त्याला जागे करायचे, आणि तळहात-तळपाय पिवळे झाले किंवा बाळ उठतच नसेल तर थेट दवाखाना गाठायचा, असे त्यांनी बजावले. त्या दिवशी दर दोन तासांनी पाजले. संध्याकाळपर्यंत लंगोट पुन्हा पूर्वीसारखे ओले होऊ लागले, आणि पोटात दूध जात असल्याची आमच्यासारख्यांना कळेल अशी खूण तीच. पाचव्या पहाटेपासून सहाचा ठोका पडला की चिमीला उठवायचे, हेही माझ्या कामात आले. मदत म्हणजे बाळंतिणीला झोपू देणे, हे अर्धेच खरे आहे.

कूलरवरून मात्र घरात मोठा वाद झाला. मोठी आईचे म्हणणे होते की बाळंतिणीला वारा बाधतो, म्हणून खोली बंद, दाराला गोधडी, बाजेखाली शेगडी, बाळाला टोपडे आणि दोन दुपटी. तिने स्वतःची पाच बाळंतपणे तशीच काढली होती आणि ती मनापासून काळजीनेच बोलत होती, हे मला मान्य आहे. पण तिची बहुतेक बाळंतपणे हिवाळ्यातली होती आणि आमच्याकडे मेमध्ये पारा 45 पर्यंत चढतो. बाळाचे अंग तापलेले लागले तेव्हा तिने ताप म्हणून आणखी एक दुपटे घातले. आशाताईंनी काखेत तापमापक लावला, 37.8 आले. त्यांनी टोपडे आणि वरची दुपटी काढली, चिमीला पाजायला लावले, आणि अर्ध्या तासाने पुन्हा पाहिले तर 37.2. तो ताप नव्हता, कोंडमारा होता; कपडे काढूनही उतरला नसता तर मात्र दवाखान्यातच न्यावे लागले असते. शेवटी तोडगा असा निघाला की शेगडी बंद, कूलर चालू, पण त्याचे तोंड भिंतीकडे, म्हणजे खोली गार राहील आणि झोत बाळ-बाळंतिणीच्या अंगावर येणार नाही. टाकीतले पाणी मी रोज बदलत असे, वाळ्याच्या ताट्या धुऊन घेत असे. बाळाला उन्हाचे म्हणून चमचाभर पाणी पाजण्याचा आग्रहही झाला, तो आम्ही मोडला. सहा महिने बाळाला आईचे दूधच पुरते, पाणी लागते ते आईला. चिमीच्या उशाशी तांब्या भरून ठेवणे हे माझे तिसरे काम झाले.

मोठी आईशी माझा खरा वाद कूलरचा नव्हताच. तिचे म्हणणे, मामाने साडीचोळी करावी, बाळाला चांदीचे वाळे घालावेत, लंगोटाला हात लावू नये, त्याने मान जातो. माझे म्हणणे तेव्हाही हेच होते आणि आजही आहे, की साडीचोळी एका दिवसात होते आणि बहिणीची झोप सव्वा महिना मोडते. भावाने साडी जरूर द्यावी. पण जो भाऊ डोहाळजेवणात पाचशेच्या नोटा ओटीत घालतो आणि बाळंतपणात घरी असूनही पहाटे उठत नाही, त्याने शुभेच्छांचे भाषण करू नये.

बारशाच्या आदल्या संध्याकाळी ताई आपल्या मुलीला घेऊन आली. पहाटे पाचला ती छपरीत आली तेव्हा बाळ माझ्या खांद्यावर होते आणि भिजवलेल्या लंगोटांची बादली पायाशी. ती काही बोलली नाही. न्हाणीतून साबण घेऊन आली, बादली स्वतःकडे ओढू लागली, तेव्हा मी म्हटले, "ताई, हे माझ्याकडे आहे." ती बादली सोडून बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसली, आणि सहा वाजेपर्यंत आम्ही दोघे बाळाला पाहत बसलो.

तुमच्या बाबतीत काही गोष्टी वेगळ्या असू शकतात. ताईचे बाळंतपण सासरी होणार असेल तर पहाटेचे वचन तुम्हाला पाळता येणार नाही; मग आठ दिवस रजा काढून येण्याचे वचन द्या आणि तारीख सांगा, किंवा जुन्या सुती धोतराचे मऊ लंगोट शिवून, दोनदा धुऊन, तीस नग आधीच पोहोचते करा. सगळ्याच बहिणींना चारचौघांत बोललेले रुचत नाही. तुमची ताई लाजरी असेल तर थट्टेचा भाग सर्वांसमोर बोला आणि वचन तिला एकटीला सांगा. तुम्हाला बाळ धरायची भीती वाटत असेल तर बाळाऐवजी लंगोट आणि पाणी घ्या, तेही कमी नाही. आणि पहिले दोन आठवडे उलटल्यावरही ती रोज रडत असेल, खात नसेल, बाळाकडे पाहत नसेल, तर ते झोपेने भरून येणारे नाही. तिला डॉक्टरांकडे न्या.

माझा कागद जसाच्या तसा वाचू नका, कवठाच्या जागी तुमच्या दोघांचे काय भांडण होते ते घाला. शेवटचे वाक्य मात्र ठेवा. आणि रविवारी ताईला ते वचन दिल्यावर तिच्या सासूबाईंना आणि भाऊजींनाही सांगून ठेवा, म्हणजे पहिल्या पहाटे तुम्ही दार वाजवाल तेव्हा ते उघडायला कोणी कचरणार नाही.